रील अचानक चालली आणि ऑर्डरींचा पूर आला: घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकणाऱ्यांसाठी

सोलापुरात घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायकांचा धंदा बहुतेक वेळा ओळखीवर चालतो. गल्लीतले, नातेवाइकांच्या ऑफिसातले, पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांचे मित्र. दिवसाला चार-पाच ऑर्डरी, सणाच्या आधी दहा. मग कुणीतरी खाण्याचे व्हिडिओ करणारा पोरगा घरी येतो, काकूंचे थापणारे हात आणि कडक भाकरी मोडतानाचा आवाज मोबाइलमध्ये घेतो, खाली फोन नंबर टाकतो आणि निघून जातो. दोन दिवसांनी सकाळी फोन उघडला की शेकडो मेसेज पडलेले असतात आणि ते वाचत असतानाच नवे येत राहतात.

हा लेख त्या सकाळपासून पुढच्या तीन-चार आठवड्यांसाठी आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हेच उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. सोलापूरबाहेरची मागणी सगळ्यात जास्त याच जोडीला असते, आणि घाई केली की याच दोन गोष्टी सगळ्यात लवकर बिघडतात.

पहिले दोन तास: ऑर्डर घ्यायची नाही

मेसेज आला की "हो, पाठवते" असं लिहायला हात शिवशिवतो. पण तुम्हाला अजून माहीत नाही की तुम्ही किती देऊ शकता. "हो" म्हटलेला प्रत्येक मेसेज म्हणजे दिलेला शब्द, आणि पन्नास जणांना शब्द देऊन मग हिशोब मांडला तर तीस जणांची माफी मागावी लागते. म्हणून पहिलं काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर आपोआप जाईल अशी सोय करणं.

नंबर साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर तोच नंबर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर नेता येतो. आधी चॅटचा बॅकअप घ्या. त्यात Business tools मध्ये Away message असतं. ते चालू करून वेळ Always send ठेवा. शेजारी Greeting message आहे, तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा चौदा दिवस काही न बोललेल्याला जातो. दोन्हीकडे वेगवेगळा मजकूर टाकू नका, समोरच्याला दोन उत्तरं मिळून गोंधळ होतो. पुराच्या काळात Away message एकटा पुरतो. मजकूर असा ठेवता येईल:

"नमस्कार. व्हिडिओ पाहून खूप मेसेज आले आहेत. आम्ही घरी, हाताने करतो, त्यामुळे रोज मोजकंच तयार होतं. सध्या ऑर्डर घेणं थांबवलं आहे. परवा संध्याकाळी ७ वाजता दर, पाठवायच्या तारखा आणि ऑर्डर कशी द्यायची हे याच नंबरच्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर लिहू. नंबर सेव्ह करून ठेवा. स्टेटस दिसलं नाही तर इन्स्टाग्राम पाहा. तोपर्यंत कुणालाही पैसे पाठवू नका."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याचं कारण पुढे येईल. स्टेटसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंनी नंबर सेव्ह असल्याशिवाय ते दिसत नाही. म्हणून खरी माहिती इन्स्टाग्रामवरही असायला हवी. शेकडो अनोळखी नंबरांना तुम्ही स्वतःहून एकच मेसेज पाठवत सुटू नका. काही लोक तो रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडण्याची भीती असते. ज्याने विचारलं त्याला उत्तर देणं वेगळं.

याच दोन तासांत दुसरं काम म्हणजे रील करणाऱ्याला फोन. रील त्याच्या खात्यावर असेल तर कमेंट वर पिन करणं आणि कॅप्शन बदलणं फक्त त्यालाच जमतं. त्याला तीन गोष्टी सांगा. घराचा पत्ता लिहिला असेल तर काढ. दर चुकीचा किंवा जुना असेल तर दुरुस्त कर. आणि "ऑर्डर सध्या बंद, अमुक दिवशी सुरू" ही कमेंट वर पिन कर. बहुतेक पोरं हे आनंदाने करतात.

पत्त्याचं मी मुद्दाम पहिल्यांदा सांगते. जुळे सोलापुरातलं किंवा अक्कलकोट रोडवरचं घर म्हणजे दुकान नव्हे. पत्ता उघड राहिला की तुळजापूर-अक्कलकोटला दर्शनाला निघालेल्या गाड्या वाटेत दारात थांबतात, दुपारी दोन वाजता बेल वाजते आणि आतमध्ये भाकऱ्या वाळत ठेवलेल्या असतात. समोर उभ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, मग दुसऱ्याच्या पार्सलमधलं पाकीट त्याला जातं. घरून नेणाऱ्यांना पत्ता ऑर्डर पक्की झाल्यावरच आणि ठरलेल्या तासापुरता द्या.

फोन कोणी धरायचा

भाकरी थापणाऱ्या बाईने फोन धरू नये. पिठाचे हात, तवा तापलेला आणि मध्येच एखाद्याचा "रेट?" एवढाच मेसेज. अशाने भाकरीही करपते आणि उत्तरही तुटक जातं. घरातल्या कॉलेजच्या मुलीला, सुनेला किंवा शेजारच्या ताईंना तीन आठवड्यांपुरतं हे काम द्या आणि त्याचे पैसेही द्या. वेळ ठरवून घ्या: दुपारी एक तास, रात्री आठ ते साडेनऊ. बाकी वेळ फोन दुसऱ्या खोलीत.

बाईचा नंबर लाखो लोकांसमोर गेला की रात्री-अपरात्री कॉल येतात, काही नकोसे असतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Privacy मधल्या Calls खाली Silence unknown callers चालू केलं की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी कॉलची रिंग वाजत नाही, कॉल यादीत मात्र दिसतो. घाण मेसेज आला तर उत्तर देत बसू नका, स्क्रीनशॉट ठेवून ब्लॉक करा. धंद्यासाठी वेगळं सिम नसेल तर आता घ्या आणि पुढच्या सगळ्या ठिकाणी तोच नंबर द्या. जुना नंबर लगेच बंद करू नका, रीलमध्ये तोच गेला आहे.

आलेले मेसेज वाचताना तीन ढीग करा. पहिला ढीग जुन्या गिऱ्हाइकांचा. या गर्दीत त्यांचा "नेहमीचं दोन पाकीट" हा मेसेज खाली दबून जातो, म्हणून तो आधी शोधून काढा. दुसरा, ज्यांनी काय आणि किती हवं ते लिहिलं आहे त्यांचा. तिसरा बाकी सगळा: नुसते हात जोडलेले, "फ्रँचायझी देता का", "आमच्या पेजवर जाहिरात करा", रेसिपी विचारणारे. तिसऱ्या ढिगाला आज उत्तर नाही दिलं तरी काही बिघडत नाही. बिझनेस अ‍ॅपमध्ये यासाठी Labels आहेत. New order, Pending payment, Paid, Order complete ही लेबलं आधीच तयार मिळतात, त्यात "जुने" असं एक आपलं घाला. तीच तीच उत्तरं टाइप करायला Quick replies मध्ये मजकूर साठवा. मग / टाइप केलं की यादी समोर येते. मराठीसोबत हिंदीतलंही एक उत्तर तयार ठेवा. सोलापूरच्या पदार्थाला कन्नड आणि तेलुगू घरांतूनही मागणी येते, घरात कुणाला ती भाषा येत असेल तर ते दोन मजकूर लिहून घ्या.

तव्यावरचा हिशोब

आता खरं काम. किती ऑर्डरी घ्यायच्या हे ठरतं तुमच्या तव्यावरून किती भाकऱ्या रोज उतरतात यावर. मेसेज सहाशे असोत की सहा हजार, तो आकडा बदलत नाही.

हिशोबासाठी जुळे सोलापुरातलं एक घर धरू. काकू थापतात आणि पहिल्या तव्यावर भाजतात. सून दुसऱ्या तव्यावर मंद आचेवर कापडाने दाबत भाकरी कडक करते. घड्याळ लावून पाहिलं तर एक भाकरी साधारण तीन मिनिटांनी उतरते, म्हणजे तासाला वीस. सलग पाच तासांपेक्षा जास्त तव्यासमोर बसवत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. म्हणजे दिवसाला शंभर. त्यातल्या दहा तुटतात, वाकतात किंवा मधे मऊ राहतात. राहिल्या नव्वद. दहाचं एक पाकीट धरलं तर नऊ पाकिटं.

आठवड्यात सहा दिवस काम, म्हणजे चोपन्न पाकिटं. त्यातली चौदा जुन्या गिऱ्हाइकांची, ती आधीच बाजूला काढायची. पाच राखीव, कारण गॅस संपतो, लाइट जाते, कुणाला ताप येतो, एखादं पार्सल मोडकं पोचलं तर परत पाठवावं लागतं. उरली पस्तीस. रील कितीही चालली तरी या घराला आठवड्याला नव्या लोकांची पस्तीस पाकिटंच घेता येतात.

तुमचे आकडे वेगळे येतील. पण ते अंदाजाने लिहू नका, एक दिवस घड्याळ लावून मोजा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आकडा नेहमी कमी निघतो, कारण पीठ मळणं, तवा पुसणं आणि गार झालेल्या भाकऱ्या उचलून ठेवणं हा वेळ डोक्यात धरलेला नसतो.

समजा सहाशे मेसेजमधून दर आणि तारीख कळल्यावर एकशे दहा पाकिटांची पक्की मागणी निघाली. पस्तीसने भागलं तर तीन आठवड्यांहून जास्त काम झालं. इथे मी सांगेन की फक्त दोन आठवड्यांच्या, म्हणजे सत्तर पाकिटांच्या ऑर्डरी घ्या आणि बाकीच्यांची नावं प्रतीक्षा यादीत लिहा, पैसे न घेता. लांबची तारीख दिली की लोक विसरतात, गावाला जातात, "आता नको, पैसे परत द्या" म्हणतात, आणि तो प्रत्येक परतावा तुमच्या रात्रीच्या वेळेतून जातो.

चटणीचा हिशोब वेगळा निघतो. शेंगदाणे भाजून गार करून मिक्सरच्या लहान भांड्यात थोडे थोडे फिरवले तरी एका दिवशी पाच किलो चटणी आरामात होते, म्हणजे पाव किलोची वीस पाकिटं. भाकरी हा अडकणारा भाग आहे, चटणी नाही. म्हणून प्रतीक्षा यादीतल्या लोकांना "भाकरीला वेळ आहे, पण नुसती चटणी याच आठवड्यात मिळेल" असं विचारा. बरेच जण हो म्हणतात, आणि तुमचं नाव त्यांच्या स्वयंपाकघरात पोचतं. चटणीचं पार्सल लहान असल्याने ते पाठवायलाही सोपं.

हे सगळं एका रेघी वहीत उतरवा. मोबाइलमधलं लेबल चुकून पुसलं जातं, वही पुसली जात नाही. अनुक्रमांक, नाव, फोनचे शेवटचे चार आकडे, काय हवं, पैसे आले ती तारीख, पाठवायची तारीख, पाठवल्याची खूण. अनुक्रमांकच त्या माणसाचा ऑर्डर नंबर.

पैसे आधी, पण डोळे उघडे ठेवून

नव्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण रक्कम आधी घ्या. निम्मी रक्कम घेतली तर दुसरी निम्मी मागत फिरावं लागतं. पैसे पाठवताना शेरा म्हणून ऑर्डर नंबर लिहायला सांगा. आणि ती रक्कम पार्सल निघेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा, तिच्यातून घरचा किराणा भरू नका. परत द्यायची वेळ आली तर ती तिथेच असली पाहिजे.

व्हायरल झालेल्या नंबरावर फसवणारे लवकर पोचतात. एक प्रकार असा: लष्कराच्या कॅम्पातून बोलतोय, मोठी ऑर्डर आहे, शंभर पाकिटं हवीत, पैसे लगेच पाठवतो. मग एक क्यूआर कोड येतो आणि "हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील" असं सांगितलं जातं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. दुसरा प्रकार म्हणजे पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट. तिसरा, "चुकून जास्त पाठवले, फरक परत करा". तिन्हींवर उपाय एकच: वहीत "पैसे आले" ही खूण फक्त आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्यावर करायची. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

काही वेळा तुमच्याच नावाने खोटं खातं उघडून कुणी दुसराच पैसे गोळा करतो. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये "तोपर्यंत कुणालाही पैसे पाठवू नका" लिहायचं. ऑर्डर सुरू करताना पैसे कोणत्या नावावर जातील ते स्पष्ट लिहा.

दराबद्दल: रीलमध्ये जो दर गेला तो तुमच्या जुन्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाचा दर असतो, त्यात खोका, चिकटपट्टी आणि कुरियर नसतं. पदार्थाचा दर तोच ठेवा आणि पाठवण्याचा खर्च वेगळा लिहा. गर्दी पाहून दर वाढवला तर लोक रीलखालीच तसं लिहितात.

खोक्याची उंची

कुरियरचा खर्च ठरवताना एक गोष्ट बऱ्याच जणींना पहिल्या दहा पार्सलनंतर कळते. कुरियरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन, यात जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5000 ने भागतात.

कडक भाकरी हलकी पण पसरट. दहा भाकऱ्या, पाव किलो चटणी आणि खोका मिळून वजन जेमतेम 900 ग्रॅम. मोकळाढाकळा म्हणून 28 बाय 28 बाय 10 चा खोका घेतला तर 7840 भागिले 5000, म्हणजे दीड किलोच्या वर. अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारणी असेल तर दोन किलोचे पैसे. तेच 27 बाय 27 बाय 6 चा खोका घेतला तर 4374 भागिले 5000, म्हणजे 875 ग्रॅम, आणि एक किलोत काम होतं. चार सेंटिमीटर उंचीने आकारणीचं वजन दुप्पट होतं. म्हणून आधी भाकऱ्यांची चळत मोजा, चटणीचं पाकीट चपटं भरून त्यावर किंवा खाली आडवं बसतं का पाहा, आणि त्या मापाचा खोका बनवून घ्या.

चळतीच्या वर आणि खाली भाकरीएवढ्या पुठ्ठ्याच्या चकत्या घाला, कडेच्या मोकळ्या जागेत कागद ठासून भरा. खोका हलवल्यावर आतून आवाज आला तर आणखी कागद हवा. पहिली तीन पार्सलं पुण्या-मुंबईतल्या आपल्या माणसांना पाठवा आणि उघडतानाचा व्हिडिओ मागवा. दोन-तीन भाकऱ्या मोडणारच, ते आधीच लिहून ठेवा. आपल्याकडे कडक भाकरी आमटीत कुस्करूनच खातात, पण पहिल्यांदा मागवणाऱ्या बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं, त्याला ती फसवणूक वाटते.

घाईत काय बिघडतं

कडक भाकरी टिकते ती पाणी पूर्ण गेल्यामुळे. घाईत नेमकं हेच चुकतं. दुसऱ्या तव्यावरचा वेळ तीन मिनिटांवरून दीडवर येतो, भाकरी वरून कडक दिसते, आत ओल राहते. किंवा कोमट असतानाच पिशवीत भरली जाते आणि वाफ आत अडकते. चार दिवसांनी ती रबरासारखी वाकते आणि पावसाळी हवेत तिच्यावर बुरशी येते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. गार झालेली भाकरी मधोमध दाबली की टचकन मोडली पाहिजे, वाकली तर नाही. दर खेपेतली एक भाकरी पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीच्या आत धुकं दिसलं किंवा भाकरी मऊ पडली, तर त्या खेपेतल्या सगळ्या परत मंद आचेवर टाका. म्हणून आज केलेली भाकरी आज पाठवायची नाही, उद्या पाठवायची. हा एक दिवस तारखांमध्ये धरून ठेवा. आषाढ-श्रावणात दोन धरा.

पिठाचंही तसंच. शंभर भाकऱ्यांना साधारण सहा किलो पीठ लागतं, म्हणून वाटतं पन्नास किलो एकदम दळून ठेवावं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडेला चिरा पडतात आणि तुटणाऱ्यांची संख्या दहावरून पंचवीसवर जाते. ज्वारी साठवा, पीठ तीन दिवसांपुरतंच दळून आणा. नेहमीच्या व्यापाऱ्याकडची मालदांडी संपली आणि दुसरीकडून घ्यावी लागली तर आधी दोन किलोची थापून पाहा.

चटणीत धोका शेंगदाण्याचा. एरवी आपण दोन-तीन किलो घेतो आणि निवडून भाजतो. पूर आला की पोतं येतं आणि निवडणं राहून जातं. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशी लागलेला दाणा चटणीत गेला तर नुसती चव कडवट होत नाही. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. त्यामुळे वेळ नाही म्हणून दिवसाला एक किलो कमी करा, पण निवडणं सोडू नका. दोन मुठी दाणे चावून पाहा, खवट लागले तर ते पोतं परत करा.

भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय कुटायचे नाहीत. उखळात कुटल्याने जे तेल सावकाश सुटतं ते मिक्सर सलग फिरवला की एकदम सुटतं आणि चटणीचा लगदा होतो, तेव्हा थांबत थांबत फिरवा. ओला लसूण घातलेली चटणी घरात चार दिवसांत संपते म्हणून काही होत नाही, पण पार्सलमध्ये आठ दिवस गेल्यावर ती बिघडू शकते. बाहेरगावी पाठवायच्या चटणीत लसूण भाजून, कोरडा करून घाला.

नोंदणी आणि लेबल

घरून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान धंद्यासाठी मूळ नोंदणीचा सोपा प्रकार आहे, अर्ज FoSCoS या पोर्टलवर ऑनलाइन होतो. नंबर चौदा आकड्यांचा असतो. ओळखीत विकताना हे कुणी विचारत नाही, पण रील चालल्यावर कमेंटमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, आणि कुरियरवालेही विचारू शकतात. नोंदणी नसेल तर याच आठवड्यात अर्ज करा.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, हिरवी खूण, वजन, दर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, तुमचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा नंबर असावा. शेंगदाण्याची अनेकांना अ‍ॅलर्जी असते, म्हणून "यात शेंगदाणे आहेत" हे ठळक लिहा. कडक भाकरीच्या पाकिटावरही लिहा, कारण एकाच ओट्यावर दोन्ही होतं.

पूर ओसरताना

रीलमुळे आलेली गर्दी बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरते. त्या काळात मोठा मिक्सर, दुसरी शेगडी, वर्षाचा गाळा यांत पैसे घालू नका. मदतीला बाई हवी असेल तर रोजावर घ्या, आणि तिला थापायला न बसवता निवडणं, भरणं, चिकटपट्टी लावणं ही कामं द्या. नव्या हाताची भाकरी जाडीला वेगळी येते आणि गिऱ्हाइकाला ते कळतं.

पुढे वाढवायचं की नाही हे पहिल्या ऑर्डरींवरून ठरत नाही. वहीत दुसऱ्यांदा मागवणाऱ्यांच्या नावापुढे वेगळी खूण करा. सत्तर जणांपैकी पंधरा-वीस जणांनी महिन्याभरात परत मागवलं तर तेवढ्यांसाठी तिसरा तवा मांडायचा विचार करता येईल. पाच-सहाच परतले तर धंदा पूर्वीएवढाच ठेवा.

प्रतीक्षा यादीतल्या प्रत्येकाला, ज्यांच्याकडून पैसे घेतले नव्हते त्यांनाही, एकदा विचारा की अजून हवं आहे का. त्यानंतर ऑर्डर रोज उघडी ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा उघडा. रविवारी संध्याकाळी सात वाजता "या आठवड्याची पस्तीस पाकिटं" असं स्टेटस टाका, भरली की "संपली" लिहा आणि Away message मध्ये पुढच्या रविवारची तारीख घाला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या दिवसांत गावातलीच मागणी वाढते आणि घरात पाहुणे असतात, तेव्हा ते दोन आठवडे बाहेरगावच्या ऑर्डरी बंद असल्याचं डिसेंबरमध्येच लिहून टाका.